मोजक्या क्रेडिटमध्ये ब्लाउजचे नमुने कसे पाहावेत

छायाचित्रातील कपडा बदलून दाखवणारी एआय साधने आता साध्या फोनवरही चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने ओळखले जाणारे चित्रसंपादन जेमिनीमध्ये आणले आणि त्यानंतरच्या महिन्यातच स्वतःचे छायाचित्र वेगवेगळ्या साड्यांमध्ये पाहण्याची लाट भारतभर पसरली. ही सोय केवळ हौसेपुरती राहण्याचे कारण नाही. घरातून ब्लाउज शिवून देणाऱ्या किंवा लहानसे बुटीक चालवणाऱ्या व्यक्तीला तिचा खरा उपयोग आहे, कारण पैठणीच्या ब्लाउज पीसला एकदा कात्री लागली की निर्णय फिरवता येत नाही आणि ग्राहकाला गळ्याचा आकार केवळ शब्दांनी समजावणे अवघड जाते. अडचण एवढीच आहे की विनामूल्य एडिट, म्हणजे चित्रात एकेकदा करून घेतलेले बदल, दिवसाला मोजकेच मिळतात, प्रत्येक चित्रामागे कापली जाणारी विकतची क्रेडिटही लवकर संपतात आणि नवख्या माणसाची निम्मी क्रेडिट तर काय पाहायचे आहे हे ठरवण्यातच खर्च होतात. ते ठरवण्याचे काम कागदावर कसे उरकावे आणि पडद्यावर नेमके काय मागावे, हे येथे एका पैठणीच्या ब्लाउजच्या उदाहरणाने मांडले आहे.

क्रेडिट कशाचे कापले जाते

प्रत्येक सेवेचे दर निराळे असले, तरी मोजणीची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखी असते. क्रेडिट तयार झालेल्या चित्राचे कापले जाते, आपल्याला आवडलेल्या चित्राचे नाही. सेवेतील तांत्रिक बिघाडामुळे चित्रच तयार झाले नाही, तर काही सेवा क्रेडिट परत देतात. परंतु चित्र तयार झाले आणि त्यातील गळा वाकडा निघाला, तर ते क्रेडिट गेलेच. काही साधने एका सूचनेवर आपोआप चार चित्रे बनवतात आणि चौघांचे क्रेडिट घेतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन चित्रांची संख्या एकवर आणून ठेवावी. मोठ्या आकाराच्या चित्राला आणि तयार चित्र मोठे करून घेण्याला बहुधा वेगळे किंवा अधिक क्रेडिट लागते. विनामूल्य कोटा ठरावीक वेळेनंतर नव्याने सुरू होतो आणि शिल्लक एडिट सहसा पुढे जमा होत नाहीत. म्हणून ग्राहकाचे काम हाती घेण्यापूर्वी आपल्या साधनाच्या दरपत्रकातून तीन गोष्टी वहीत टिपून घ्याव्यात: एका एडिटला किती क्रेडिट पडते, मोठ्या चित्राला किती पडते आणि कोटा केव्हा भरून येतो.

उदाहरण: जांभळी पैठणी आणि साठ शक्यता

जांभळ्या अंगाची, हिरव्या जरीकाठाची पैठणी घेऊन एक ग्राहक आली आहे, असे समजू. साडीसोबत जोडलेला ब्लाउज पीस आहे. पाठीच्या गळ्याचे पाच प्रकार तिच्या मनात आहेत, बाहीचे चार आहेत आणि पीस न वापरता वेगळ्या रेशमी कापडाचा ब्लाउज शिवायचा झाल्यास रंग कोणता घ्यावा, याविषयी तीन विचार आहेत. पाच, चार आणि तीन यांचा गुणाकार ६० होतो. साठ चित्रे कोणीही काढणार नाही हे खरे, पण नियोजन नसेल तर माणूस या साठांपैकी सुचतील तशी पंधरा-वीस चित्रे काढतो आणि शेवटी गळा एका चित्रातला आवडतो, बाही दुसऱ्यातली आवडते, अशा जागी अडकतो. हाच विचार टप्प्याटप्प्याने केला, म्हणजे आधी फक्त गळा, तो ठरल्यावर फक्त बाही आणि मग रंग, तर पाहण्याजोगे पर्याय बेरजेने मोजले जातात आणि ते बारा होतात. एका चित्रात चार पर्याय बसवले, तर हे बारा पर्याय अवघ्या तीन-चार एडिटमध्ये येतात.

पहिली चाळणी कापडाची

क्रेडिट वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जे शिवताच येणार नाही, त्याचे चित्र न काढणे. साधनाला कापडाची मोजमापे ठाऊक नसतात आणि ते मागाल तेथे काठ लावून दाखवते. जोडलेला ब्लाउज पीस साधारण ८० सेंटीमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना काठ असतो, म्हणजे हाताशी असलेला एकूण काठ सुमारे १६० सेंटीमीटर. कोपरापर्यंतच्या बाहीचा घेर शिवणीच्या मायेसह ३२ सेंटीमीटर धरला, तर दोन बाह्यांना ६४ सेंटीमीटर काठ लागतो. ब्लाउजच्या खालच्या कडेलाही काठ हवा असेल, तर मध्यम मापाला आणखी ७८ सेंटीमीटरच्या आसपास जातात. उरले १८ सेंटीमीटर, आणि पाठीच्या गळ्याभोवती फिरवायला ते पुरत नाहीत. अनेक पैठण्यांचा एक काठ रुंद आणि दुसरा अरुंद असतो, तेव्हा हे गणित आणखी आवळते.

आपल्या ग्राहकाला बाही, कंबर आणि गळा या तिन्ही ठिकाणी काठ हवा होता. वरचा हिशेब तिच्यासमोर टेपने मोजून दाखवला की तिला स्वतःलाच दोन ठिकाणांची निवड करावी लागते आणि ‘सगळीकडे काठ’ असलेली सारी चित्रे यादीतून आपोआप बाद होतात. फुग्याच्या बाहीला चुण्यांसाठी अधिक कापड लागते, म्हणून जोडपिसातून ती निघते का, हे कापणाऱ्या कारागिराला विचारूनच ती यादीत ठेवावी. आपल्या उदाहरणात ती बाद झाली आणि बाहीचे तीन प्रकार राहिले.

दुसरी चाळणी शिवणकामाच्या नियमाची आहे. पाठीचा गळा खोल आणि पुढचा गळा रुंद अशी जोडी ठेवली, तर खांदा धरून राहत नाही आणि ब्लाउज घसरतो. मागे नाडी बांधली तरच तो जागेवर बसतो. त्यामुळे पाठीचा गळा ठरला की पुढच्या गळ्याचे पर्याय फारसे उरत नाहीत आणि त्यासाठी स्वतंत्र चित्रांची फेरी करावी लागत नाही. पाच गळ्यांपैकी दोन एकमेकांच्या इतके जवळचे होते की चित्रात ते सारखेच दिसले असते, म्हणून त्यांतला एक ठेवला. यादी आता चार गळे, तीन बाह्या आणि तीन रंग अशी झाली. अजून साधन उघडलेलेही नाही.

मूळ छायाचित्र

छायाचित्रावर घालवलेली पंधरा मिनिटे प्रॉम्प्टवर, म्हणजे साधनाला लिहून दिलेल्या सूचनेवर, घालवलेल्या तासापेक्षा अधिक क्रेडिट वाचवतात, असे माझे ठाम मत आहे. दोन छायाचित्रे घ्यावीत, एक पाठीचे आणि एक समोरचे. पाठीचे घेताना केस वर बांधलेले असावेत आणि पदर पुढे ओढून हातात धरलेला असावा. डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर अर्धी पाठ झाकतो आणि झाकलेल्या भागात साधन मनाने काहीही भरते. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड आणि साधी भिंत एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

चौकट मानेपासून कंबरेपर्यंतच ठेवावी आणि छायाचित्र चौरस कापून घ्यावे. चेहरा चौकटीबाहेर ठेवण्याचे तीन लाभ आहेत. एक, संपादनात चेहरा बदलण्याची तक्रार मुळातच उरत नाही. दोन, चित्रातील सारे बारकावे ब्लाउजच्या वाट्याला येतात. तीन, ग्राहकाची ओळख उघड होत नाही, आणि हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. विनामूल्य सेवांच्या अटींमध्ये अपलोड केलेली चित्रे साधन सुधारण्यासाठी वापरण्याची मुभा अनेकदा लिहिलेली असते. ग्राहकाचे छायाचित्र चढवण्यापूर्वी तिची स्पष्ट संमती घ्यावी, ती संदेशात लेखी असावी, आणि संमती नसेल तर शिवणघरातल्या पुतळ्यावर साडी नेसवून काम करावे. पुतळ्यावरही गळा आणि बाही उत्तम कळतात. अल्पवयीन मुलीच्या ब्लाउजसाठी तर पुतळाच वापरावा.

छायाचित्र काढताना अंगावरचा ब्लाउज कोणता असावा, यालाही महत्त्व आहे. तो साधा, एकरंगी, मापात बसणारा आणि मध्यम गळ्याचा असावा. बंद गळ्याचा ब्लाउज घालून खोल गळा मागितला, तर साधनाला न दिसलेली त्वचा कल्पनेने रंगवावी लागते; तेथे रंग फसतो, आणि काही साधनांचा सुरक्षिततेचा गाळणीनियम अशा मागणीला नकारही देतो. तो नियम योग्यच आहे, कारण याच साधनांचा दुरुपयोग लोकांच्या छायाचित्रांवर झालेला आहे. नकाराची नोंद काही ठिकाणी कोट्यात धरली जाते, म्हणून सूचनेत कपड्याच्या आकाराची भाषा ठेवावी आणि शरीराविषयी काहीही लिहू नये.

चार खणांचा तक्ता

आता पहिला एडिट. त्यात नमुना पाहायचाच नाही, छायाचित्राची परीक्षा घ्यायची आहे. ‘फक्त ब्लाउजचा रंग मध्यम हिरवा कर, बाकी काही बदलू नकोस’ एवढीच सूचना द्यावी आणि काठावरचे मोर, बांगड्या, बोटे व भिंत जशीच्या तशी राहिली का, हे मूळ चित्राशेजारी ठेवून पाहावे. येथेच काठ विरघळला असेल, तर छायाचित्र धूसर आहे किंवा ते साधन या कामाला योग्य नाही, आणि हे एका क्रेडिटमध्ये कळले.

परीक्षा पार पडली की गळ्यांचा तक्ता मागवावा. एकाच चौरस चित्रात दोन ओळी आणि दोन स्तंभ, प्रत्येक खणात तेच छायाचित्र, फक्त गळा वेगळा. प्रॉम्प्ट मराठीतही चालतो, तथापि मटका गळा, पानगळा, कटोरी हे आपले शिवणघरातले शब्द साधनाला भरवशाने कळत नाहीत, तेव्हा नाव न देता आकाराचे वर्णन करावे. मी ते साध्या इंग्रजीत लिहिणे पसंत करते, कारण त्यात गोंधळ कमी आढळतो.

```
Edit only the blouse in this photo.
Keep saree, border, pose, hands, bangles, light, wall unchanged.
Make one square sheet, 2 x 2, same photo in each cell.
Top left: round back neck, ends between shoulder blades.
Top right: pot-shaped back neck, narrow top, wide below.
Bottom left: square back neck, two fabric ties with tassels.
Bottom right: high closed back, one small teardrop opening.
All four: plain medium green, elbow-length sleeves.
```

या सूचनेची रचना समजून घेतली, तर पुढच्या प्रत्येक कामाला ती वापरता येईल. पहिल्या ओळीत काय बदलायचे ते आहे, दुसरीत काय राखायचे ते आहे, तिसरीत तक्त्याची मांडणी आहे, पुढच्या चार ओळींत फक्त तुलनेचा विषय म्हणजे गळा आहे आणि शेवटच्या ओळीत जे सर्वत्र समान राहायला हवे ते बांधून टाकले आहे. ही शेवटची ओळ विसरली, की साधन प्रत्येक खणात बाही आणि रंगही बदलते, आणि मग ग्राहकाने वरचा उजवा खण निवडला तो गळ्यामुळे की रंगामुळे, हे कळत नाही. ती निवड निरुपयोगी ठरते आणि क्रेडिटही वाया जाते.

गळ्याची खोली इंचात लिहून उपयोग होत नाही. ‘सात इंच खोल’ हे साधनाला मोजता येत नाही, कारण छायाचित्रात मापाची पट्टी नसते. त्याऐवजी शरीरावरची खूण सांगावी, उदाहरणार्थ खांद्याच्या पात्यांच्या मध्यापर्यंत किंवा हुकाच्या पट्टीच्या दोन बोटे वर. नेमके इंच पुढे कारागिराच्या मापवहीत येतील.

चारपेक्षा अधिक खण मागण्याचा मोह टाळावा. चित्राचा एकूण आकार तोच राहतो, म्हणजे १०२४ पिक्सेलच्या चौरसात चार खण केले तर प्रत्येकाला ५१२ पिक्सेलचा चौरस मिळतो आणि नऊ केले तर जेमतेम ३४१ पिक्सेलचा. गळ्याचा आकार ५१२ मध्ये स्वच्छ कळतो. जरीचे नक्षीकाम कळत नाही. म्हणून तक्त्यात नक्षी, लटकनाचे मणी, आरीकाम असले काही मागूच नये. तक्त्याचे काम निवड करून देण्याचे आहे आणि बारकावे शेवटच्या चित्रात यायचे आहेत.

तक्ता आल्यावर आधी खण एकमेकांशी ताडून पाहावेत. नेहमी दिसणारा दोष म्हणजे दोन खणांतील गळे जवळजवळ सारखे निघणे. वर्णने पुरेशी भिन्न नसल्याचे ते लक्षण आहे. दुसरा दोष असा, की एका खणाची नाडी शेजारच्या खणातही येते. चारपैकी तीन खण स्वच्छ असतील, तर तक्ता पुन्हा मागवू नये. बिघडलेला प्रकार ग्राहकाला कागदावर रेखाटून दाखवावा, आणि तोच तिला आवडला तरच त्याच्यासाठी वेगळा एडिट करावा. आपल्या उदाहरणात ग्राहकाने मटक्याच्या आकाराचा गळा निवडला.

दुसऱ्या तक्त्यात हाच गळा चारही खणांत ठेवून बाहीचे तीन प्रकार मागवावेत: कोपरापर्यंतची, कोपराखाली तीन-चतुर्थांश आणि आखूड. चौथ्या खणात कोपरापर्यंतच्या बाहीवर काठ लावलेला प्रकार घ्यावा, म्हणजे काठ कुठे हवा हा प्रश्नही त्याच क्रेडिटमध्ये सुटतो. हा तक्ता मागवताना मूळ छायाचित्रच पुन्हा चढवावे आणि शक्य तर नवे संभाषण उघडावे. आधीच्या तक्त्यातील खण कापून त्यावर पुढचा बदल केला, तर प्रत्येक फेरीत चित्र नव्याने रंगवले जाते आणि साडीचा पोत, काठाची जाडी, हाताची बोटे थोडी थोडी सरकत जातात. अशा तीन फेऱ्यांनंतर ती साडी ग्राहकाची राहत नाही.

रंगासाठी क्रेडिट खर्चू नये

एकरंगी कापडाचा रंग बदलायला एआय साधनाची आवश्यकता नाही. गिंप किंवा फोटोपी यांसारख्या विनामूल्य संपादकात ब्लाउजचा भाग निवडून रंगछटा सरकवली की राणी, मोरपंखी, अंजिरी अशा कितीही छटा पाहता येतात आणि कोटा जसाच्या तसा राहतो. तक्त्यात मध्यम हिरवा रंग मागितला होता तो याचसाठी. मध्यम गडद रंगावरून दुसऱ्या मध्यम गडद रंगावर जाणे सोपे असते आणि कापडाच्या सावल्या टिकतात. काळ्यावरून पिवळ्यावर किंवा पांढऱ्यावरून गडद किरमिजीवर गेले, की रंग मळकट किंवा सपाट दिसतो.

साधनालाच रंग सांगायची वेळ आली, तर ‘चिंतामणी’ किंवा ‘गुलबक्षी’ ही नावे त्याच्याकडून सारखीच समजली जातील असे धरू नये. प्रत्यक्ष कापडाचा तुकडा साडीशेजारी ठेवून, त्याच उजेडात छायाचित्र घ्यावे आणि ते संदर्भचित्र म्हणून जोडावे. तरीही पडद्यावरचा रंग हा अंदाज असतो. अंतिम रंग दुकानात साडी नेऊन, दिवसाच्या उजेडात ठरवावा आणि हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे.

शेवटची दोन चित्रे

गळा, बाही आणि रंग ठरल्यावर, आपल्या उदाहरणात साडीसोबतचा जांभळा पीसच वापरायचे ठरल्यावर, आता प्रत्येकी एक खण असलेले पूर्ण आकाराचे चित्र मागवायचे, एक पाठीचे आणि एक समोरचे. येथे दोन संदर्भचित्रे जोडावीत: मूळ छायाचित्र आणि काठाचे जवळून, सपाट ठेवून घेतलेले छायाचित्र. पैठणीच्या काठातले मोर, पोपट किंवा आसावलीची वेल साधन शब्दांवरून नीट काढू शकत नाही. ते पक्ष्यासारखे काहीतरी काढते. समोर नमुना असला की पुष्कळ जवळ जाते.

```
Image 1 is the photo to edit. Image 2 is the real border.
Change only the blouse: pot-shaped back neck, narrow top, wide below,
elbow-length sleeves, plain purple silk.
Use the border from image 2 on sleeve hems and lower hem only,
same width as on the saree. Keep everything else unchanged.
```

शेवटच्या ओळीतले ‘साडीवर आहे तेवढ्याच रुंदीचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते नसले तर बाहीवर साडीपेक्षा दुप्पट रुंद काठ येतो, ग्राहकाला तोच आवडतो आणि नंतर शिवलेला ब्लाउज तिला चित्रापेक्षा उणा वाटतो.

खर्चाचा हिशेब असा होतो: एक परीक्षा, दोन तक्ते, दोन अंतिम चित्रे, म्हणजे पाच एडिट. राखीव म्हणून दोन धरावेत. साठ शक्यतांच्या विचाराला सात एडिट पुरतात, आणि विनामूल्य कोटा दिवसाला चार-पाचच असेल तर तक्ते एका दिवशी आणि अंतिम चित्रे दुसऱ्या दिवशी असे काम वाटता येते. मधली रात्र ग्राहकाला घरच्यांचे मत घ्यायला मिळते. दोन-तीन ग्राहकांचे काम एकत्र आले असेल, तर सर्वांचे तक्ते एका बैठकीत आणि सर्वांची अंतिम चित्रे दुसऱ्या बैठकीत करावीत, कारण एकाच प्रकारची सूचना लागोपाठ वापरताना तिच्यातील उणिवा पहिल्याच चित्रात दिसतात आणि पुढच्या ग्राहकाच्या चित्रापूर्वी सुधारता येतात.

चित्र फसले तर पुन्हा बटण दाबण्यापूर्वी

क्रेडिटची खरी गळती येथे होते. चित्र मनासारखे आले नाही की तीच सूचना पुन्हा पाठवली जाते, मग एखादा शब्द बदलून पुन्हा, आणि पाहता पाहता कोटा संपतो. त्यापूर्वी दोष कोणत्या जातीचा आहे, हे ओळखावे.

काही दोष योगायोगाचे असतात. एखादे बोट जोडले गेले, बांगडी तुटक आली, भिंतीवर डाग आला, परंतु ब्लाउज मागितला तसाच आहे. असे असेल तर तीच सूचना एकदा पुन्हा पाठवायला हरकत नाही. साधनात मास्क करून, म्हणजे बिघडलेली जागा निवडून, तेवढाच भाग दुरुस्त करण्याची सोय असेल तर ती अधिक बरी. ग्राहकाला ब्लाउजच पाहायचा असेल, तर हा दोष सोडूनही देता येतो.

काही दोष सूचनेचे असतात. बाही मागितली नसताना बदलली, रंग भलताच आला, काठ नको तेथे लागला. अशा वेळी सूचना मोठ्याने वाचून पाहावी, आणि ज्या गोष्टीविषयी तीत काहीच लिहिलेले नाही, तीच गोष्ट बदललेली आढळेल. तेवढे एकच वाक्य जोडून पाठवावे. एकाच वेळी चार शब्द बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही आणि पुढच्या ग्राहकाच्या वेळी तो शोध पुन्हा करावा लागतो.

तिसऱ्या जातीचा दोष छायाचित्राचा किंवा साधनाच्या मर्यादेचा असतो. तो ओळखण्याची खूण अशी, की सूचना बदलूनही तोच दोष त्याच जागी दुसऱ्यांदा दिसतो. पाठीवरच्या वेणीच्या जागी गळ्याची कड दर वेळी तुटत असेल, तर शब्दांनी ती जुळणार नाही. केस बांधून नवे छायाचित्र घ्यावे लागेल. नक्षीतला मोर संदर्भचित्र देऊनही दोनदा बिघडला, तर काठ साधा सोनेरी मागावा आणि खऱ्या काठाचे छायाचित्र ग्राहकाला शेजारी ठेवून दाखवावे. नऊवारीच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते: काष्टा काढायला सांगितला तर पुष्कळदा सहावारीच्या निऱ्याच येतात. म्हणून नेसण आधी प्रत्यक्ष नेसून छायाचित्रात पक्की करावी आणि साधनाला फक्त ब्लाउजपुरते काम द्यावे.

हे सगळे लक्षात राहावे म्हणून एक वही किंवा साधी फाइल ठेवावी. प्रत्येक एडिटची तारीख, पूर्ण प्रॉम्प्ट, खर्च झालेले क्रेडिट आणि एका ओळीत निकाल, एवढे पुरे. चित्र आले की लगेच फोनवर जतन करावे आणि त्याला `g04_pathi_gala_B.png` असे नाव द्यावे, ज्यात ग्राहकाचे नाव न येता क्रमांक, भाग आणि पर्याय कळतो. यशस्वी झालेले प्रॉम्प्ट वेगळ्या पानावर उतरवून ठेवले, की महिन्याभरात गळ्यांचा एक आणि बाह्यांचा एक असे दोन पक्के साचे हाती येतात आणि नव्या ग्राहकासाठी त्यांतल्या मधल्या ओळी तेवढ्या बदलाव्या लागतात.

क्रेडिट विकत घ्यावीत का

हा निर्णय त्या वहीवरूनच घ्यावा. महिन्यात खर्च झालेली एकूण क्रेडिट भागिले ग्राहकांनी प्रत्यक्ष मान्य केलेली चित्रे, हा आकडा काढावा. समजा एका एडिटला २ क्रेडिट पडतात, महिन्यात ३५ एडिट झाले आणि त्यातून १० चित्रे मान्य झाली, तर एका मान्य चित्रामागे ७ क्रेडिट पडली. त्याची रुपयांतील किंमत शिलाईच्या दरात बसते का, ते पाहावे. हा आकडा पहिल्या महिन्यापेक्षा दुसऱ्यात खाली येत नसेल, तर मोठा पॅक घेण्याआधी नोंदी वाचाव्यात. मासिक योजनेतील शिल्लक क्रेडिट महिनाअखेर बाद होतात का, हे अटींमध्ये पाहावे. लग्नसराईत भरपूर आणि पावसाळ्यात तुरळक काम असणाऱ्याला वर्षभराच्या योजनेपेक्षा गरजेनुसार घेतलेला लहान पॅक बहुधा परवडतो.

चित्र कारागिराकडे देताना

मान्य झालेले चित्र तसेच कापणाऱ्याच्या हाती देऊ नये. साधन शिवणी, टक्स आणि हुकाची पट्टी यांचा विचार करत नाही. पाठ पूर्ण बंद आणि पुढेही उघडण्याची जागा नाही, असा अंगात घालताच न येणारा ब्लाउजही ते सुबकपणे दाखवते. चित्राच्या प्रतीवर पेनाने हुक पुढे की मागे, नाडी कोठे, काठ कोणत्या दोन ठिकाणी आणि गळ्याची खोली इंचात किती, हे लिहावे. मटक्याच्या गळ्याला वरची कड अरुंद असल्याने डोके आत जाईल एवढी उघड कोठून मिळणार, हे कारागिराकडून तेथेच पक्के करून घ्यावे. चित्र एआयने तयार केलेले आहे, हे त्याच प्रतीवर नोंदवून ग्राहकाची सही घ्यावी. काही सेवा चित्रावर तशी खूण आपणहून टाकतात, ती पुसू नये. यानंतर ब्लाउज पीस पाण्यातून काढायचा की नाही ते विचारावे, अस्तर आधी भिजवून आटवून घ्यावे आणि मगच कापायला घ्यावे.